गिझर गॅसचा की विजेचा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

विजेचा गिझर चालू ठेवून अंघोळ केली तर शॉक बसतो का? (दादर)

अर्थिंग नीट असेल आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असेल, तर धोका फार कमी. तरी पाणी तापल्यावर स्विच बंद करूनच आत जा. इमारत जुनी असेल तर अर्थिंग आहे असे गृहीत धरू नका, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.

आमचे बाथरूम चार बाय सहाचे आहे. वर काचेच्या पट्ट्यांची खिडकी आहे, एक्झॉस्टही आहे. मग गॅस गिझर आत लावायला काय हरकत? (लालबाग)

हरकत आहे, आणि मोठी आहे. हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो, म्हणून हिशेबच मांडतो.

आठ फूट उंची धरली तर तुमच्या बाथरूममध्ये साधारण साडेपाच घनमीटर हवा मावते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला अंदाजे एक घनमीटर पाइप गॅस जाळतो, आणि तेवढा गॅस नीट जळायला दहाएक घनमीटर हवा लागते. म्हणजे पंधरा मिनिटांच्या अंघोळीला अडीच घनमीटर. पाठोपाठ दुसरे कुणी अंघोळीला गेले की पाच. जवळजवळ सगळी खोलीच झाली! पण हवा संपेपर्यंत थांबावे लागत नाही. प्राणवायू थोडा कमी झाला, धूर पुन्हा ज्योतीकडे यायला लागला, की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. पाणी मात्र तसेच गरम येत राहते, त्यामुळे आतल्या माणसाला काही बिघडल्याचे कळत नाही.

एक्झॉस्ट हवा बाहेर फेकतो, पण त्या जागी ताजी हवा येणार कुठून? दाराखालची फट पायपुसण्याने बंद, खिडकीच्या पट्ट्या थंडीत मिटलेल्या. पुष्कळ घरांत तर डक्टकडचा वास नको म्हणून तिथे अॅक्रिलिकचा पत्रा ठोकलेला असतो. गिझरला धुराडे असेल, तर ओढ घेणारा पंखा धुराड्यातला धूर उलटा खोलीत खेचू शकतो.

गॅस गिझर हवाच असेल तर तो बाथरूमबाहेर, हवा खेळती असलेल्या उघड्या बाल्कनीत लावा आणि गरम पाण्याचा पाइप आत घ्या. ग्रिलला काचा लावून बंद केलेली बाल्कनी यात धरू नका. जोडणी गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडून करून घ्या, ओळखीच्या प्लंबरकडून नको. तशी जागा नसेल तर तुमच्यासाठी विजेचाच.

गॅसचा वास आला की आम्ही लगेच बंद करतो. तेवढे पुरे ना? (डोंबिवली)

नाही. वास न जळलेल्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दुकानदार म्हणतो, नव्या मॉडेलमध्ये सेन्सर आहे, बाथरूममध्ये बिनधास्त लावा. (ठाणे)

कोणता सेन्सर, ते लेखी मागा. बहुतेक वेळा तो ज्योत विझली की गॅस बंद करणारा असतो. इथे ज्योत विझतच नाही, वाईट जळत राहते. वीस मिनिटांचा टायमर नळ बंद करून उघडला की नव्याने सुरू होतो. काही मॉडेलमध्ये प्राणवायू कमी झाल्यावर बंद करणारी सोय असते; ती चांगली, पण खेळत्या हवेची जागा ती घेत नाही. बसवण्याच्या जागेबद्दल पुस्तिकेत काय लिहिले आहे ते विकत घेण्याआधी वाचा.

गॅसवर निम्म्या खर्चात काम होते म्हणतात. खरे आहे का? (बोरिवली)

निम्म्या नाही, बादलीमागे साधारण दोन तृतीयांश खर्चात होते. वीस लिटर पाणी २५ अंशांवरून ४० वर न्यायला विजेचे सुमारे ०.३५ युनिट लागते. दहा रुपये युनिट धरले तर साडेतीन रुपये. पाइप गॅस पन्नास रुपये घनमीटर धरला तर तेच पाणी सव्वादोन रुपयांत तापते. चार माणसांच्या घरात महिन्याचा फरक दीडशे रुपयांच्या आसपास पडतो. तुमच्या बिलांवरचे दर घालून पाहा. विजेचा गिझर दिवसभर चालू ठेवलात तर पाणी गरम राखण्यातच आणखी वीज जाते. पंधरा लिटर आणि दोन किलोवॉटच्या गिझरला वीसएक मिनिटे पुरतात.

अंघोळीनंतर मुलीचे डोके दुखते, मळमळते. गिझर गॅसचा, बाथरूममध्येच आहे. पित्त असेल का? (परळ)

पित्ताचे औषध देत बसू नका, हा कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम असू शकतो. गिझर आजपासून बंद करा आणि मुलीला आजच डॉक्टरांना दाखवा. गॅस गिझर बाथरूममध्ये आहे, हे आधी सांगा आणि रक्तातल्या कार्बोक्सीहिमोग्लोबिनच्या तपासणीबद्दल विचारा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो, रक्तात विषारी वायू असतानाही आकडा ९८ दाखवू शकतो. अंघोळीला गेलेले कुणी हाक मारूनही ओ देत नसेल तर दार तोडा, त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन लावा. या वायूने पायांतले बळ जाते, आतल्या माणसाला कडी काढता येत नाही. म्हणून गिझर बदलेपर्यंत घरात कुणीही तो वापरू नये.