√6 च्या सिद्धतेत गुण नेमके कशाचे कापावेत?

प्रश्न: रत्नागिरीत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकवतो. √6 अपरिमेय असल्याच्या सिद्धतेत विद्यार्थ्याने q ≠ 0 लिहिले नाही आणि “6 ने p² ला भाग जातो, म्हणून p लाही जातो” एवढेच लिहिले. गुण कशाचे कापू?

उत्तर: दुसऱ्याचे. q ≠ 0 ही अट p/q लिहिताक्षणी गृहीतच असते आणि वाचणारा ती एकाच प्रकारे भरून घेतो, त्यामुळे तिथे समासात खूण पुरे.

दुसऱ्या वाक्याची पारख करण्यासाठी 6 च्या जागी 4 घालून पाहा: 4 ने 2² ला भाग जातो, पण 2 ला जात नाही, म्हणजे हेच लेखन √4 लाही अपरिमेय ठरवील. विधान 6 साठी खरे आहे, पण कारण गाळले आहे. 2 आणि 3 मूळ संख्या असल्याने दोन्हींनी p ला भाग जातो आणि त्या सहमूळ असल्याने 6 नेही जातो, ही एक ओळ असती तर मी पूर्ण गुण दिले असते.

चलाच्या अक्षराच्या चुकीकडे मात्र क्षुल्लक म्हणून काणाडोळा करू नये. उदाहरणार्थ, दोन विषम संख्यांची बेरीज सम असते हे सिद्ध करताना दोन्हींना 2k+1 हेच नाव दिले, तर बेरीज 4k+2 येते, जे 1+3 ला लागू पडत नाही.