‘कळवते’ म्हणून गप्प बसण्याऐवजी

“दीड महिन्यात आम्ही चार वेळा भेटलो. मुलगा चांगला आहे, पण त्याला जर्मनीला जायचंय आणि मला नाशिक सोडायचं नाही. नाही म्हटलं तर तो दुखावेल, म्हणून आठवडाभर मी मेसेजला उत्तरच देत नाहीये. आपोआप थांबेल ना तो?”

आपोआप थांबायला फार वेळ लागतो, आणि थांबण्याआधी मेसेज वाढतात. हा प्रश्न विचारणारी तरुणी नाशिकमध्ये सातपूरच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे आणि हे स्थळ तिला सिडकोतल्या मावशींनी आणलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) तिने फोन उघडून दाखवला तेव्हा हे अगदी स्पष्ट दिसलं. सोमवारी त्याचा एक मेसेज होता, ‘पोहोचलीस का?’ मंगळवारी दोन. बुधवारी चार आणि एक मिस्ड कॉल. गुरुवारी तिला राहवलं नाही म्हणून तिने नुसता अंगठा पाठवला. त्यानंतर दोन दिवसांत अकरा मेसेज आले.

त्यात त्या मुलाचं विचित्र असं काहीच नाही. नेहमी मिळणारा प्रतिसाद अचानक बंद झाला की माणूस आधी जोर वाढवतो, मग हळूहळू सोडून देतो. मधेच एखादा अंगठा किंवा हसरा चेहरा मिळाला की ‘प्रयत्न केला तर उत्तर येतं’ एवढंच त्याला कळतं आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे तिने दयेपोटी पाठवलेल्या त्या अंगठ्यानेच त्याची वाट पाहणं लांबवलं. शिवाय कारण माहीत नसलं की माणूस ते स्वतःमध्ये शोधतो. ‘चौथ्या भेटीत मी काही चुकीचं बोललो का?’ हा त्याचा शनिवारचा मेसेज होता.

निरोप द्यायच्या आधी एक गोष्ट तपासावी लागते: फरक खरंच न मिटणारा आहे का, की तो अजून नीट बोललाच गेलेला नाही? दोघं सोमेश्वरला भेटले असताना तिने विषय काढला होता. ‘बघू, तेव्हाचं तेव्हा,’ असं तो म्हणाला होता. पण त्याचा जर्मनचा क्लास चालू होता, अर्ज भरून झाले होते. इकडे तिच्या आईचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं आणि धाकटा भाऊ अजून शिकतोय. तिला विचारलं, ‘पुढची दोन वर्षं दोघांच्याही बेतात काहीच बदललं नाही, तर तुमचा होकार असेल का?’ ती लगेच नाही म्हणाली. उत्तर इतक्या चटकन येतं तेव्हा आणखी एक भेट घेऊन काही हाती लागत नाही, फक्त त्याची आशा वाढते.

मग कसं सांगायचं? नुसतं चॅटवर बोलणं झालं असेल किंवा एकदाच कॉफी झाली असेल, तर चार-पाच ओळींचा मेसेज पुरतो. तीन-चार भेटी झाल्या असतील, घरच्यांचा विषय निघाला असेल, तर फोन करावा. मुद्दाम भेटायला बोलावू नये. गंगापूर रोडला यायचं म्हणून तो आनंदाने तयार होऊन येईल आणि नकार ऐकून चारचौघांत बसून राहील. फोनची वेळही पाहावी. त्याची शिफ्ट संपल्यावर, रात्री नऊच्या आत. मध्यरात्री नकार ऐकला तर बोलायला कोणी जागं नसतं. आणि आधी नुसतं ‘बोलायचंय’ एवढंच लिहू नये, माणूस दिवसभर तर्क करत राहतो. तिने लिहिलं, ‘आज साडेसातला फोन करू का? आपल्या स्थळाबद्दल माझं मत ठरलंय, ते तुला स्वतः सांगायचंय.’

काय बोलायचं याचे तिने आधी दोन मसुदे केले होते. पहिल्यात होतं, ‘सध्या कामाचा खूप लोड आहे, थोडा वेळ हवाय.’ हा नकारच नाही. लोड कधी कमी होतो याची तो वाट पाहणार. दुसऱ्यात पाच वेळा सॉरी आणि ‘तुला माझ्यापेक्षा चांगली मिळेल’ असं होतं. ते ऐकून त्यालाच तिची समजूत काढावी लागली असती. ‘घरचे नको म्हणतात’ हेही तिने काढून टाकलं. तसं सांगितलं की पुढचा माणूस घरच्यांना पटवायला निघतो. शेवटी कागदावर उरलं ते एवढंच:

“आठवडाभर मी उत्तर दिलं नाही, ते चुकलं. तुझ्याशी बोलायला मला आवडलं. पण तुझं जर्मनीचं पक्कं आहे आणि माझं नाशिकमध्ये राहायचं पक्कं आहे, म्हणून मी हे पुढे नेणार नाही. हा निर्णय माझा आहे. मावशींना मी आज रात्री सांगणार आहे, त्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं.”

कारण एकच आणि परिस्थितीतलं. त्याच्या स्वभावाबद्दल, दिसण्याबद्दल, पगाराबद्दल अवाक्षर नाही. तीन-चार कारणं दिली की प्रत्येकावर तोडगा सुचवला जातो आणि फोनचं रूपांतर वाटाघाटीत होतं. एका कारणावरही तोडगा आलाच. ‘मी दोन वर्षांनी परत येईन, मग?’ त्याला तिचं उत्तर तयार होतं: ‘तू मनापासून म्हणतोयस, पण माझा निर्णय तोच आहे.’ दुसऱ्यांदा विचारल्यावर तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, शब्द बदलले नाहीत. शब्द बदलले की निर्णय ढिला झाल्यासारखा वाटतो. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग ‘ठीक आहे, सांगितलंस ते बरं केलंस,’ म्हणाला. सगळेच असं म्हणत नाहीत. कोणी रागावतं, कोणी रडतं. ऐकून घ्यावं, पंधरा-वीस मिनिटांनी ‘आता मी ठेवते’ म्हणून फोन ठेवावा. ‘आपण मित्र राहू’ हे त्या दिवशी नको.

यानंतर त्याचे मेसेज आले आणि तिने उत्तर दिलं नाही, तर ते गायब होणं नव्हे. नकार स्पष्ट शब्दांत पोहोचलेला आहे. म्हणूनच फोननंतर दोन ओळी लिहूनही पाठवाव्यात. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुरुष वारंवार संपर्क करत राहिला, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली पाठलागाचा गुन्हा ठरू शकतो, आणि तेव्हा तो लिहिलेला नकार कामी येतो. समोरचा आधीपासूनच धमकावत असेल, घराबाहेर उभा राहत असेल, फोटो पसरवीन म्हणत असेल, तर मात्र यातलं काहीच करायचं नाही. समजावणं नको, शेवटची भेट तर नकोच. स्क्रीनशॉट ठेवायचे, ब्लॉक करायचं, घरात सांगायचं आणि 112 वर फोन करायचा.

राहिल्या मावशी. स्थळ त्यांनीच आणलेलं, आणि घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. आधी मध्यस्थाला सांगितलं की मुलाला ते आईकडून कळतं, तेही चार तोंडांतून फिरून. म्हणून आधी त्याला, मग त्याच दिवशी आईला आणि मावशींना. मावशींना एकच वाक्य: ‘मुलगा चांगला आहे, पण त्याला परदेशात राहायचंय आणि मला इथेच, आम्ही बोलून थांबलोय.’ ‘आम्ही बोलून’ हे शब्द महत्त्वाचे, त्यामुळे नाकारला गेल्याचा शिक्का त्याच्यावर बसत नाही. बायोडाट्यावर पत्ता, फोन नंबर आणि जन्मवेळ असते. तो आणि फोटो दोन्हीकडून डिलीट करायचे, हे त्याच दोन ओळींच्या मेसेजमध्ये सांगून टाकावं. त्याने चौथ्या भेटीत कानातले दिले होते. महाग होते, म्हणून तिने ते त्याला विचारून कुरिअरने परत पाठवले. पुस्तक, चॉकलेट यांसारख्या गोष्टी परत करू नयेत, ते उगाच टोचतं.