भाववाढीआधी वायरचा माल किती भरावा?

प्रश्न: तालुक्याच्या गावी माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. १ तारखेपासून वायर ४ टक्क्यांनी महागणार असं डिस्ट्रिब्युटरने कळवलंय. त्याचा सेल्समन म्हणतो, सहा महिन्यांचा माल आत्ताच उचला, ७२ हजार वाचतील. मला महिन्याला ३ लाखांची वायर लागते (जीएसटी सोडून), सीसीचं व्याज ११ टक्के आहे. किती माल घ्यावा?

उत्तर: दोन महिन्यांचा घ्या. हात मोकळा असेल तर तीन. त्यापुढे एक बंडलही नको.

सेल्समनचा ७२ हजारांचा आकडा खोटा नाही. १८ लाखांच्या मालावर ४ टक्के म्हणजे तेवढेच होतात. पण त्याने फक्त वाचणारे पैसे मोजले. माल तुमच्या रॅकवर पडून राहील तोवर व्याजाचं मीटर तुमच्या खात्यावर चालू राहणार, ते त्याच्या हिशोबात नाही.

आधी माल एक महिना जास्त ठेवायला काय पडतं ते काढू. ३ लाखांच्या मालाचं बिल १८ टक्के जीएसटी धरून ३ लाख ५४ हजारांचं होतं. जीएसटीचं क्रेडिट मिळतं हे खरं, पण ते विक्रीवरच्या करातूनच वळतं होणार. विक्री तर नेहमीइतकीच राहणार, म्हणून जादा मालावर भरलेला कर तोवर अडकून पडतो आणि व्याज पूर्ण बिलावर धरावं लागतं. मालाच्या किमतीवर पाहिलं तर ११ चे १३ टक्के होतात. विमा, जागा, उंदराने कुरतडलेलं एखादं बंडल यासाठी मी वर्षाला आणखी २ टक्के धरतो. म्हणजे वर्षाला १५, महिन्याला सव्वा टक्का. ३ लाखांच्या मालाला महिन्याला ३,७५० रुपये.

आता सहा महिन्यांचा माल एक गठ्ठा म्हणून बघू नका, महिन्यामहिन्याचा वेगळा काढा. पहिल्या महिन्याचा माल तुम्ही असाही १ तारखेच्या सुमारास घेणारच होता, तो फक्त काही दिवस आधी आला. त्यावरचे १२,००० सरळ वाचले. दुसऱ्या महिन्याचा माल एक महिना आधी आला, त्यात ३,७५० गेले आणि ८,२५० उरले. तिसऱ्याचा दोन महिने आधी आला, उरले ४,५००. चौथ्यावर सगळं जाऊन ७५० रुपये उरतात. पाचव्या महिन्याच्या मालावर १२,००० वाचवायला १५,००० खर्च होतात, म्हणजे ३,००० चा तोटा. सहाव्यावर तोटा ६,७५०.

बेरीज केली तर सहा महिन्यांच्या मालावरही १५,७५० रुपये फायदा दिसतो, आणि माणूस फसतो तो इथेच. एकूण फायदा दिसतोय ना, मग घेऊ, असं वाटतं. पण तीन महिन्यांवर थांबलात तर तोच फायदा २४,७५० आहे. पुढच्या तीन महिन्यांच्या मालात १० लाखांहून जास्त रक्कम गुंतवून तुम्ही हातचे ९,००० घालवता. झटपट काढायचं तर भाववाढीच्या टक्क्याला महिन्याच्या खर्चाच्या टक्क्याने भागा. ४ भागिले सव्वा, म्हणजे तीन महिन्यांच्या थोडं वर. त्याहून जास्त काळ आधी आणलेला माल अंगावर येतो. चौथ्या महिन्याचा माल जेमतेम बसतो, पण ७५० रुपयांसाठी साडेतीन लाख अडकवू नयेत.

‘३० दिवसांची उधारी आहे, तेवढे दिवस व्याज नाही’ असं तुम्हाला सांगतील. उधारी नेहमीच्या खरेदीलाही मिळतेच. पुढच्या महिन्यात घेतलेल्या मालाचे पैसे त्याच्या पुढच्या महिन्यात दिले असते, म्हणजे अंतर तेवढंच राहिलं. नेहमीपेक्षा जास्त दिवस मिळाले तरच ते फायद्यात धरा. उलट, जादा माल रोखीने उचला असं म्हणाले, तर गेलेली उधारी खर्चात घाला.

आता पैशाचं. तीन महिन्यांचा माल म्हणजे १० लाख ६२ हजारांचं बिल, नेहमीपेक्षा ७ लाख ८ हजार जास्त. सीसीत तेवढी जागा आहे का ते आज बघा. नसेल, तर ११ टक्क्यांवर केलेला वरचा हिशोब तुम्हाला लागू होत नाही. त्या पैशाने एरवी जे केलं असतं, त्याचा दर धरावा लागतो. समजा पंख्यांच्या कंपनीला आठवड्यात पैसे दिले की २ टक्के कॅश डिस्काउंट मिळतो, नाहीतर ३० दिवस. वायरमध्ये पैसे गुंतल्याने तो सोडावा लागला, तर २३ दिवसांना २ टक्के, म्हणजे महिन्याला अडीच टक्क्यांच्या वर गेले. वायरच्या बिलावरचा जीएसटी आणि इतर खर्च धरून ते सव्वातीनच्या आसपास जातं. मग दुसऱ्या महिन्याचा माल कसाबसा परवडतो, तिसऱ्याचा नाही. सुरुवातीला दोन महिने म्हणालो ते यासाठी.

दुसरं कारण तांबं. वायरचा भाव तांब्यामागे आणि डॉलरमागे चालतो, आणि तो खालीही येतो. वाढलेला दर दीड महिन्यात ३ टक्क्यांनी उतरला, तर तिसऱ्या महिन्याच्या मालावर वाचलेला राहतो १ टक्का आणि ठेवण्याचा खर्च झालेला असतो अडीच. हा धोका शेवटी घेतलेल्या मालावरच सगळ्यात जास्त असतो. रंगात किंवा स्विचमध्ये भाव असा सहसा मागे येत नाही, तिथे मी जरा पुढे जाईन.

कोणता माल, तेही बघा. वरचा सगळा हिशोब ठरलेल्या वेगाने खपणाऱ्या वायरचा आहे. दीड आणि अडीचची लाल, काळी, हिरवी बंडलं धरा. सहाची वायर किंवा वर्षात चार बंडलं जाणारा रंग केवळ भाव वाढतोय म्हणून उचललात, तर वाचलेले ४ टक्के पहिल्या तीन-चार महिन्यांतच संपतात. आणि मे महिना चालू असेल तर महिन्याला ३ लाख हा आकडाच पुन्हा तपासा. पावसात बांधकामं मंदावली की तीन महिन्यांचा माल पाच महिने पुरतो, आणि वर तोट्यात दिसलेला पाचवा महिना तुमच्या दारात येतो.

१ तारखेनंतर जुना माल जुन्याच भावाने देत राहिलात तर वाचलेले पैसे गिऱ्हाइकाच्या खिशात जातात. कायमच्या वायरमनसाठी ते मुद्दाम करायचं असेल तर करा, पण ठरवून करा. छापील एमआरपीची अडचण वायरमध्ये येत नाही, कारण आपण त्याच्या बरंच खाली विकतो. एमआरपीलाच विकल्या जाणाऱ्या वस्तूवर मात्र जुनीच किंमत छापलेली असते, तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. तिथे आधी भरून दुकानदाराला फारसं काही मिळत नाही.

ऑर्डर देण्याआधी डिस्ट्रिब्युटरकडून नव्या दराचं सर्क्युलर व्हॉट्सॲपवर मागवून घ्या. महिनाअखेरीला सेल्समनचं टार्गेट असतं, त्यामुळे नुसत्या तोंडी ‘वाढणार आहे’वर जाऊ नका. तिमाही टर्नओव्हर स्कीम असेल, तर आत्ता जास्त उचलल्याने पुढच्या तिमाहीचा स्लॅब हुकतो का तेही विचारा. सगळ्यात महत्त्वाचं, जुना दर ऑर्डरच्या तारखेला धरणार की बिलाच्या? बहुतेक ठिकाणी बिलाची तारीख धरतात. २८ ला ऑर्डर दिली, ‘माल शॉर्ट आहे’ म्हणून २ तारखेला बिल झालं, की नवा दर लागतो आणि दोन महिन्यांचा माल मात्र दारात उतरलेला असतो. ‘बिल ३० च्या आत झालं नाही तर जादा माल पाठवू नये’ हे ऑर्डरच्या मेसेजमध्येच लिहा.