पुरस्कारासाठी सहकाऱ्याचं नामांकन: विशेषणं काढून काय लिहायचं?

प्रश्न: ऑफिसच्या पुरस्कारासाठी मी एका सहकाऱ्याचं नाव सुचवलं. मजकूर परत आला, वर शेरा: ‘विशेषणंच फार आहेत.’ ती काढली तर उरतं काय?

उत्तर: माझाही असाच एक मजकूर परत आला होता. आमच्या बिलिंगमधल्या मॅडमबद्दल मी लिहिलं होतं, ‘अत्यंत मेहनती, काटेकोर आणि सर्वांना मदत करणाऱ्या.’ मग प्रत्येक विशेषणापुढे मी एकच शब्द लिहिला: ‘कशावरून?’

‘मेहनती’पुढे ‘महिनाअखेरीला उशिरापर्यंत थांबतात’ एवढंच सुचलं. ते खोडलं. उशिरा थांबणं ही कामगिरी नव्हे, उलट कामाचं नियोजन चुकतंय अशी शंका त्यातून येते.

‘काटेकोर’मध्ये मात्र माल होता. बिल पाठवण्याआधी ग्राहकाचं नाव, पत्ता आणि ऑर्डर क्रमांक ताडून पाहायचा एक पानी तक्ता त्यांनी जुलैत बनवला होता. परत आलेल्या बिलांची नोंदवही काढून बसलो. एप्रिल ते जूनमध्ये 46 बिलं परत आली होती, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये 17. एकूण बिलं दोन्ही तिमाहींत जवळपास सारखीच.

मी खूश होऊन आकडा लिहिणार, तेवढ्यात आठवलं की ऑगस्टमध्ये नवं सॉफ्टवेअरही आलं होतं. निवड समितीतल्या कोणीतरी हे विचारलंच असतं. म्हणून चुका प्रकारानुसार वेगळ्या केल्या. बेरजेच्या आणि दराच्या चुका 17 वरून 11 वर आल्या होत्या. त्याचं श्रेय सॉफ्टवेअरचं असू शकतं, म्हणून त्या सोडल्या. नाव, पत्ता, ऑर्डर क्रमांकाच्या चुका 29 वरून 6 वर आल्या होत्या आणि त्या सॉफ्टवेअर तपासतच नव्हतं. श्रेय तेवढंच घेतलं. आकडा लहान झाला, पण त्यावर बोट ठेवायला जागा उरली नाही.

‘मदत करणाऱ्या’ला आकडा नव्हता, तिथे प्रसंग चालला. शेवटी असं लिहिलं:

‘परत येणाऱ्या बिलांची कारणं नोंदवहीतून शोधून त्यांनी जुलैत तपासणी तक्ता तयार केला. नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांकाच्या चुकांमुळे परत येणारी बिलं तिमाहीत 29 वरून 6 वर आली (नोंदवही लेखा विभागात उपलब्ध). नोव्हेंबरमध्ये त्या दोन आठवडे रजेवर असताना नव्या सहकाऱ्याने याच तक्त्यावर काम चालवलं. त्या काळातलं एकही बिल या कारणांनी परत आलं नाही.’

‘ग्राहकांचं समाधान वाढलं’ हे वाक्यही मोहात पडून लिहिलं होतं. पण ते कोणी मोजलंच नव्हतं, म्हणून काढलं. परत आलेलं बिल दुरुस्त होऊन पैसे यायला किती दिवस लागायचे, हे लेखा विभागाला आधीच विचारलं असतं तर परिणामाचं आणखी एक वाक्य मिळालं असतं. तुम्ही ते विचारून घ्या. आणि टक्के लिहायचा मोह झाला तर मूळ आकडे शेजारी ठेवा. 4 वरून 2 झालं की तेही ‘50 टक्के घट’च दिसते.