कूलरची वायर, दुडदुडणारं पोर आणि दात शिवशिवणारं पिल्लू

प्रश्न: आम्ही नागपूरला राहतो. मुलगी सव्वा वर्षाची आहे आणि चार महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू आणलंय. उन्हाळा लागला की कूलरची वायर आणि एक्स्टेंशन बोर्ड हॉलभर पसरतात. सगळ्या सॉकेटला प्लास्टिकची कव्हरं लावली आहेत आणि घरात आरसीसीबी पण आहे. एवढं पुरे का?

नाही, पुरे नाही. कव्हरं लावलीत ते बरं केलं, पण तुमच्या हॉलमध्ये मला सॉकेटच्या भोकापेक्षा जमिनीवरच्या वायरीची भीती जास्त वाटते. मी मानेवाड्याकडे वायरिंगची कामं करतो, आणि हे शहाणपण मला माझ्याच घरात आलं.

गेल्या मे महिन्यातली दुपार. आमचं पिल्लू पाच महिन्यांचं, हॉलमधल्या लाकडी बाजेवर गादीवर पसरलेलं. बाजेच्या कडेवरून एक्स्टेंशनची वायर कूलरकडे गेलेली. एकदम केकाटण्याचा आवाज आला म्हणून धावलो, तर वायर त्याच्या तोंडात आणि जबडा आवळलेला. हात न लावता आधी मेन पाडला, तेव्हा कुठे वायर सुटली. नंतर बोर्डाकडे पाहिलं आणि चक्रावलो. एमसीबी चालू होता ते ठीक, पण मी स्वतः बसवलेला ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबीही पडला नव्हता.

यात त्याचा दोष नव्हता. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच आरसीसीबी पाहतो. मूल ओल्या फरशीवर उभं राहून फेजला शिवलं तर काही करंट अंगातून जमिनीत जातो, हिशोब चुकतो आणि आरसीसीबी क्षणात पडतो. पण पिल्लाने वायर चावताना दोन्ही तारा एकदम दातांत धरल्या आणि ते कोरड्या गादीवर होतं. करंट एका तारेतून तोंडात शिरला आणि दुसरीतून परत गेला. जमिनीत काहीच गेलं नाही, म्हणून आरसीसीबीच्या लेखी सगळं आलबेल. बाळाने वायर तोंडात घातली तरी हेच होऊ शकतं. आरसीसीबी हवाच, त्याचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून तो पडतो का तेही बघा. पण चावलेल्या वायरीपासून तो वाचवेल या भरवशावर राहू नका.

पिल्लू तासाभरात शेपटी हलवायला लागलं, तरी जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते बरं झालं, कारण संध्याकाळी त्याला धाप लागली. शॉकनंतर फुप्फुसात पाणी साचू शकतं, आणि ते काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही दिसतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑक्सिजन आणि औषधांवर ते बचावलं. लहान मुलाच्या ओठाच्या कोपऱ्याला वायरीने भाजलं तर जखम छोटी दिसली तरी दवाखान्यात न्या. तिथली खपली साधारण एक-दोन आठवड्यांनी सुटताना एकाएकी जोरात रक्त येऊ शकतं.

आता वायरीचं बोलू. मी हॉलमध्ये काय केलं ते सांगतो, तुमचाही कूलर आतच ठेवायचा असेल तर तसंच जमेल. कूलर असा ठेवला की त्याची पाठ खिडकीला चिकटून राहील. तसाही त्याला बाहेरची हवा लागतेच. वायर पाठीमागून निघते, म्हणून तिथेच खिडकीच्या बाजूला साडेचार फुटांवर नवा सॉकेट काढला. कूलरपासून सॉकेटपर्यंतची वायर २० एमएमच्या कडक पीव्हीसी पाइपात घातली आणि पाइप दर दीड फुटाला क्लिपने भिंतीला आवळला. वायर उरली तिची गुंडाळी करून खाली लोंबत ठेवली नाही, कापून नवीन पिन बसवली. पाइपाचं खालचं तोंड आणि कूलर यांच्यात चार बोटांची वायर उघडी राहते, पण ती कूलरच्या मागे आहे. त्या फटीत पिल्लाचं नाक जात नाही, हे मी त्याला तिथे सोडूनच बघितलं, अर्थात पिन काढून.

पन्हाळीदार फ्लेक्सिबल पाइप स्वस्त पडतो, पण पिल्लाला तो वायरीपेक्षा जास्त आवडतो. कुरकुरीत लागतो बहुतेक. केसिंग पट्टीही जमिनीलगत नको, तिचं झाकण नखाने उचकटतं. सशाचं मात्र गणित वेगळं. तो कडक पाइपही कुरतडतो, म्हणून ससा असेल त्या खोलीत खाली वायरच नको.

जिला दात लागलेत ती वायर टेपने गुंडाळून परत वापरू नका. आतल्या बारीक तारांपैकी काही तुटलेल्या असतात, त्या जागी वायर तापते आणि टेप तर पोरं सोलूनच काढतात. पूर्ण वायर बदला, आणि बदलताना तीन तारांचीच घ्या. दोन तारांवर चालणारे पत्र्याचे कूलर आपल्याकडे बरेच दिसतात. त्यांना अर्थिंगच नसतं.

मिरचीचं पाणी लावायचा सल्ला कोणी देईल. लावू नका, तेच हात मुलगी डोळ्यांना लावेल.

सॉकेटचं थोडं. टॉर्च मारून फेज-न्यूट्रलच्या दोन भोकांत बघा. आत प्लास्टिकचा पडदा दिसला तर त्याला शटर आहे. अर्थची लांब पिन वरच्या भोकात गेली की हा पडदा सरकतो. म्हणून तर दोन पिनांचा चार्जर बसत नसला की आपण वरच्या भोकात पेन खुपसतो ना! मुलीसमोर हे एकदाही करू नका. माझ्या एका गिऱ्हाइकाचं दोन वर्षांचं पोर स्केचपेन घेऊन बोर्डाशी उभं होतं, बापाचं बघून शिकलेलं. तीन पिनांची कव्हरं नेमकं हेच करतात, त्यांची अर्थ पिन पडदा सरकवूनच ठेवते. बाकीच्या पिना झिजल्या किंवा तुटल्या तर मागे उघडं भोक. म्हणून शटर असेल तिथे मी कव्हर लावत नाही. शटर नसेल तर सॉकेटच बदलतो, ते कायमचं काम होतं. ६ आणि १६ ॲम्पियर दोन्ही पिना बसतात त्या सॉकेटवर तर ६ चं कव्हर सैल बसतं. दोन बोटांनी ओढून बघा, सहज निघालं तर मुलगीही काढेल आणि तोंडात घालेल.

शेवटी एक तपासणी वायरमनकडून करून घ्या. बटण बंद असताना सॉकेटमध्ये टेस्टर लागतो का? लागला तर बटण न्यूट्रलवर घातलंय, म्हणजे बंद केलं तरी फेज जिवंतच राहतो. जुन्या घरांत हे मला सारखं सापडतं. दुरुस्ती पाच मिनिटांची आहे, पण ती होईपर्यंत बटण बंद आहे म्हणून त्या सॉकेटजवळ मुलीला खेळू देऊ नका. आणि कूलरमध्ये पाणी भरताना नुसतं बटण नाही, पिनच काढा.