बेलमन-फोर्डमध्ये निगेटिव्ह सायकल सापडली, तर त्यातले नोड कसे छापायचे?

"सायकल आहे हे माझा प्रोग्राम बरोबर सांगतो, पण ती छापताना कधीकधी लटकतो. त्यापेक्षा सगळ्या वेटमध्ये मोठी संख्या मिळवून सरळ डायक्स्ट्रा चालवला तर?"

शेवटच्या फेरीत जो नोड बदलला तिथूनच तुम्ही `parent` धरून मागे निघालाय, आणि तोच नोड परत दिसेपर्यंत थांबत नाही. बरोबर ना? ओळखलं, कारण हे माझ्याही कोडमध्ये होतं. म्हणजे मी लिहिलं नव्हतं. मी घातलेली एक ओळ आमच्या सीनियरनी रिव्ह्यूमध्ये "उगाच आहे" म्हणून काढायला लावली. त्यांचं म्हणणं, n-व्या फेरीत रिलॅक्स झालेला नोड सायकलमध्येच असणार. टेस्ट पास झाल्या, मी गप्प बसलो. काही दिवसांनी रात्री लावलेला जॉब सकाळीही फिरतच होता, आणि मला मेल आला: "इनपुट तपासा."

इनपुट धडधडीत ठीक होतं. शेवटी कागदावर चार नोड मांडले. एज याच क्रमाने: अ→ब ४, ब→क २, क→ब −३, क→ड ५. सुरुवात अ पासून. पहिल्या फेरीअखेर ब ३, क ६, ड ११. पुढच्या प्रत्येक फेरीत तिघेही एकेकाने घसरतात, आणि चौथ्या फेरीत, जिथे काहीच बदलायला नको, तिथे ब ०, क ३, ड ८ होतात. सगळ्यात शेवटी बदलला ड. पण सायकल आहे ब आणि क ची, वजन −१. ड तिला फक्त लटकलेला आहे. ड वरून मागे जा: क, ब, क, ब... ड पुन्हा कधीच येत नाही.

काढलेली ओळ ही:

```
for (int i = 0; i < n; i++) x = parent[x];
```

सायकलबाहेरची शेपटी n पेक्षा लहानच असते, त्यामुळे n पावलं मागे गेलं की आपण सायकलच्या आत असतो. इथे चार पावलांत ब वर येतो. आता ब पुन्हा येईपर्यंत मागे जाऊन नोड जमवा आणि छापताना क्रम उलटा करा. `parent` एजच्या उलट दिशेने नेतो ना.

टेस्ट का पास झाल्या? त्या सगळ्यांत सायकलला शेपटीच नव्हती.

संख्या मिळवायचं डोक्यातून काढा. जास्त एज असलेल्या मार्गाला ती जास्त वेळा लागते आणि उत्तरच बदलतं.

हो, एक राहिलं. सुरुवातीच्या नोडपासून पोहोचताच येत नाही अशी सायकल यात सापडणार नाही. ग्राफमधली कुठलीही चालणार असेल तर सगळी अंतरं ० ठेवून सुरू करा. आणि अनंत अंतराच्या नोडवरून रिलॅक्स करू नका.

सीनियरना तो कागद मी दाखवला होता. म्हणाले, "असा ग्राफ प्रत्यक्षात येत नाही." रात्रभर तोच तर फिरत होता!