परचेसवाल्याला ऐकायचं असतं ते बोल

सप्रेम नमस्कार,

दिवाळी हॅम्परच्या व्हिडिओची तुझी स्क्रिप्ट वाचली. पहिली वीस सेकंदं पणत्या, रांगोळी आणि आपुलकीतच जातात. घरगुती गिऱ्हाइकाला ते चालेल. पण वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यातला परचेसचा माणूस तीनच गोष्टी शोधत असतो: किती नग मिळतील, आमचं नाव कुठं छापाल आणि माल गेटवर कधी येईल. या तिन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात, म्हणून एकच ऑर्डर धर आणि ती गेटपर्यंत ने.

समज, 350 कामगार आहेत आणि एका खोक्यात 12 बॉक्स बसतात. पडद्यावर 30 खोकी दाखव आणि म्हण, "साडेतीनशे माणसांसाठी तीनशे साठ बॉक्स. दहा जादा, नव्या भरतीसाठी आणि वाटेत दबलेल्या बॉक्सच्या बदली." हे ऐकलं की कारखान्याचं काम तुला माहीत आहे हे त्याला कळतं.

"तुम्हाला हवं तसं छापून देऊ" हे वाक्य काढच. ते ऐकून वीस नगांवाला पूर्ण छापील बॉक्स मागतो. मग प्लेटचा आणि मशीन लावण्याचा सगळा खर्च त्या विसांवर बसतो आणि बोलणं भावावरच तुटतं. त्याऐवजी पायऱ्या सांग: थोड्या नगांना नावाचं कार्ड, शंभराच्या पुढं स्लीव्ह म्हणजे बॉक्सवर चढवायची छापील पट्टी, मोठ्या ऑर्डरला पूर्ण बॉक्स. नेमके आकडे आधी छपाईवाल्याकडून पक्के करून घे. साध्या बॉक्सवर लोगोची स्लीव्ह सरकवणारा हात जवळून दाखव. स्लीव्हचा खरा फायदा वेळेचा आहे: बॉक्स आधी भरून ठेवता येतात, नाव शेवटी चढतं. लोगो मात्र सीडीआर किंवा व्हेक्टर पीडीएफमध्येच माग. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो मोठा केला की कडा फुटतात.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती "पंधरा दिवसांत डिलिव्हरी" या शब्दांवरून. कंपनी पीओच्या, म्हणजे खरेदीच्या लेखी ऑर्डरच्या तारखेपासून मोजते, तू डिझाइन मंजूर झाल्यापासून. आणि ते डिझाइन साहेबांच्या टेबलावर आठवडाभर पडून राहतं. म्हणून पूर्ण बोल: "डिझाइनची मंजुरी आणि आगाऊ रक्कम मिळाल्यापासून पंधरा दिवस." पुढच्याच शॉटमध्ये खोक्यांवर शिफ्टची लेबलं दिसू देत, कारण वाटप तिन्ही पाळ्यांत होतं. बिलाची प्रत आणि गाडीचा नंबर सिक्युरिटीला आदल्या दिवशी पाठवतो, हेही सांग. नाहीतर टेम्पो गेटबाहेर ताटकळतो.

स्क्रिप्टमध्ये कुंथलगिरीचे पेढे आहेत. चव उत्तम, पण खव्याचा माल आठवडाभर आधी भरून ठेवता येत नाही. ठेवायचेच असतील तर "पेढे वाटपाच्या आदल्या दिवशी वेगळे येतील" ही ओळ घाल आणि दुसऱ्या फेरीचं भाडं दरात धर. ते परवडत नसेल तर सुकामेवा आणि हिमरूचा स्टोल ठेव. हे दोन्ही आधी भरून ठेवले तरी बिघडत नाहीत.

सुधारलेली स्क्रिप्ट शूटिंगच्या आधी पाठव.